साडेसतरा टक्क्यांचे पाणी

कराडच्या खाली कृष्णेवर टेंभू नावाचे गाव आहे. तिथून निघालेले जाडजूड नळ डोंगर चढताना पाहिले की पहिला विचार विजेचा येतो: एवढे पाणी एवढ्या उंचीवर न्यायला किती वीज जळत असेल? माझ्या मनात मात्र त्या नळांकडे पाहताना एक आकडा येतो, साडेसतरा. महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळाने 1996 मध्ये लोकांकडून पैसे उभे करण्यासाठी जे रोखे काढले, त्यांवर कबूल केलेला हा व्याजदर. वर्षाला शंभराला साडेसतरा रुपये, आणि वर राज्य सरकारची हमी. सातारा आणि सांगलीच्या दुष्काळी पट्ट्याचे पुढच्या दहा-पंधरा वर्षांत जे झाले, त्यातले बरेच काही या आकड्यात आधीच लिहिलेले होते.

सरकारने भरमसाट कर्ज काढले की बाजारातले व्याज चढते आणि खासगी उद्योगाला पैसा महाग होतो किंवा मिळतच नाही. अर्थशास्त्रात याला ‘क्राउडिंग आउट’ म्हणतात. कृष्णाकाठी हे समजावून सांगायला पुस्तक लागत नाही. कालव्याच्या तोंडाशी ज्याचे रान आहे त्याने मोठ्या मोटारी लावल्या की शेपटाकडच्या रानात पाटाची माती तेवढी ओली होते. पतपुरवठ्याच्या कालव्यावर सरकार नेहमी तोंडाशी बसलेले असते. त्याने किती उपसावे आणि शेपटाला काय उरावे, एवढाच प्रश्न. तो 1996 साली याच दोन जिल्ह्यांत कसा उभा राहिला, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

कृष्णेच्या पाण्याचा महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र यांच्यातला तंटा सोडवायला 1969 मध्ये बच्छावत लवाद नेमला गेला. त्याचा निवाडा 1973 मध्ये आला आणि 1976 मध्ये अंतिम झाला. महाराष्ट्राच्या वाट्याला 560 टीएमसी पाणी आले. त्या निवाड्यात एक कलम असे होते की 31 मे 2000 नंतर या वाटपाचा फेरविचार करता येईल, मात्र तोवर ज्या राज्याने जे पाणी वापरात आणले असेल, त्याला शक्यतो धक्का लावू नये. म्हणजे 2000 सालापर्यंत पाणी अडवले नाही तर ते आपोआप जाणार होते, असे नव्हे. पण वापरलेले पाणी सुरक्षित आणि न वापरलेले वादात, असा त्याचा व्यवहारातला अर्थ होता. सभांमधून तो आणखी सोपा झाला: दोन हजार सालापर्यंत धरणे झाली नाहीत तर पाणी गेले.

दुसरीकडे खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत, माण, खटाव हे तालुके वर्षानुवर्षे टँकर आणि रोजगार हमीवर जगत होते. विटा आणि आटपाडीकडची माणसे सोने-चांदी गाळण्याचा गलाईचा धंदा घेऊन देशभर पांगली, त्यामागे हा कोरडा मुलूखच होता. नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर, गणपतराव देशमुख यांनी 1993 पासून आटपाडीला पाणी परिषद भरवायला सुरुवात केली. तेरा दुष्काळी तालुक्यांच्या हक्काच्या पाण्याची ती मागणी होती आणि ती पूर्णपणे न्याय्य होती. पुढे पैशाबद्दल जे लिहिणार आहे, त्याने या न्याय्यतेला बाध येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

1995 च्या निवडणुकीत शिवसेना-भाजप युतीला 288 पैकी 138 जागा मिळाल्या आणि मनोहर जोशींचे सरकार 45 अपक्षांतल्या अनेकांच्या आधारावर उभे राहिले. त्यांत पश्चिम महाराष्ट्रातले अपक्ष होते आणि त्यांना कृष्णेचे पाणी हवे होते. सरकारला धरणे, कालवे, उपसा योजना सारे एकदम पुढे रेटायचे होते: उरमोडी, तारळी, धोम-बलकवडी, जिहे-कठापूर, ताकारी, म्हैसाळ, टेंभू. अंदाजपत्रकात एवढा पैसा नव्हता. कर्ज काढावे तर राज्यघटनेचे 293 वे कलम आडवे येत होते. केंद्राचे कर्ज डोक्यावर असलेल्या राज्याला केंद्राच्या संमतीशिवाय नवे कर्ज काढता येत नाही.

यावर उपाय म्हणजे महामंडळ. 1996 मध्ये कायदा करून महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले. कर्ज महामंडळाचे, म्हणून ते राज्याच्या कर्जाच्या आकड्यात दिसत नाही. हमी मात्र राज्याची, म्हणून रोखे घेणाऱ्याला धोका नाही. पुढच्या दोन वर्षांत विदर्भ, तापी, कोकण आणि गोदावरी-मराठवाडा यांसाठी याच नमुन्यावर महामंडळे निघाली. या युक्तीचे एक वैगुण्य पहिल्या दिवसापासून होते. महामंडळाला स्वतःची कमाई नव्हती. पाणीपट्टीतून देखभालीचाच खर्च जेमतेम भागतो, तर मुद्दल आणि व्याज कुठून फिटणार? हमी ही अडीअडचणीला लागणारी गोष्ट असते. इथे ती पहिल्यापासूनच परतफेडीचा एकमेव मार्ग होती. राज्य सरकारांच्या हम्यांवर रिझर्व्ह बँकेच्या तांत्रिक समितीने 1999 मध्ये अहवाल दिला आणि हम्यांना मर्यादा घालण्याची शिफारस केली, ती अशा अनुभवांनंतरच.

आता व्याज साडेसतराच का, ते पाहू. त्यासाठी साताऱ्याहून मुंबईला, रिझर्व्ह बँकेकडे जावे लागते.

1990 च्या सुमारास भारतीय बँकांना ठेवीतल्या शंभर रुपयांपैकी 38.50 रुपये सरकारी रोख्यांत ठेवावे लागत आणि 15 रुपये रिझर्व्ह बँकेकडे. म्हणजे उद्योग, व्यापार, शेती या सगळ्यांसाठी उरत साडेशेहेचाळीस. त्या काळी सरकार कमी व्याजाने पैसे घेई, आणि तूट उरली तर रिझर्व्ह बँक हंगामी ट्रेझरी बिलांवर 4.6 टक्क्यांनी नोटा पुरवी. खासगी उद्योगाची गळचेपी तेव्हाही होती, पण ती दिसत नसे. दर ठरवून दिलेले असत आणि कर्ज नाकारले जाण्यातून ती जाणवे. 1992 पासून सरकारी रोख्यांचे लिलाव सुरू झाले. हंगामी बिले हळूहळू बंद करण्याचा करार 1994 मध्ये झाला आणि 1997 च्या एप्रिलपासून ती बंदच झाली. हा करार आणि बिलांचा शेवट, दोन्ही सी. रंगराजन गव्हर्नर असताना झाले. सुधारणा योग्य होती. तिचा एक परिणाम असा की सरकारच्या तुटीची खरी किंमत पहिल्यांदाच व्याजदरात उघड दिसू लागली.

1995-96 मध्ये केंद्र सरकारला दहा वर्षांच्या कर्जासाठी 14 टक्के मोजावे लागत होते. महागाई दोन आकड्यांवरून नुकतीच खाली येत होती, रिझर्व्ह बँकेने पैसा आवळला होता, आणि 1991 नंतर उत्साहात आलेले कारखानदार विस्तारासाठी कर्ज मागत होते. स्टेट बँकेचा मूळ कर्जदर, म्हणजे सर्वांत भरवशाच्या ग्राहकाचा दर, साडेसोळा टक्के होता. केंद्र सरकारच चौदा टक्के देत असताना, कमाई नसलेल्या नव्या महामंडळाला कोणी चौदाने पैसे देणार नव्हते. पैसा हवा होता तोही लगेच, 2000 सालच्या आत. घाईतल्या कर्जदाराला बाजार नेहमी चढा भाव लावतो. म्हणून साडेसतरा.

आता विट्याला येऊ. हे गाव मुद्दाम निवडतो, कारण टेंभूच्या पाण्याची वाट पाहणाऱ्या खानापूर तालुक्याचे ते ठाणे आहे आणि यंत्रमागांचेही गाव आहे. समजा, 1996 साली एका यंत्रमागधारकाला दहा लाखांचे नवे माग बसवायचे आहेत. सूत, मजुरी, वीज वजा जाता त्यातून त्याला वर्षाला दोन लाख सुटतील, म्हणजे वीस टक्के. लहान उद्योगाला मूळ दरापेक्षा दोन-अडीच टक्के वर मोजावे लागतात, म्हणून त्याचे व्याज एकोणीस टक्के धरू. व्याजात एक लाख नव्वद हजार जातात, हाती दहा हजार उरतात. सुताचा भाव थोडा चढला किंवा दोन महिने कापड पडून राहिले की तेही गेले. हाच दर चौदा टक्के असता तर साठ हजार उरले असते आणि माणसाने धाडस केले असते. धंदा तोच, माणूस तोच, माग तेच. व्याज पाच टक्क्यांनी चढले एवढ्यावर चांगली गुंतवणूक जुगार झाली.

त्याचीच दुसरी बाजू त्याला कर्ज देणाऱ्या बँकेत दिसते. एखाद्या नागरी सहकारी बँकेच्या व्यवस्थापकाकडे एक कोटीच्या ठेवी पडून आहेत असे धरा. ठेवीदारांना तो बारा-तेरा टक्के देतो. यंत्रमागांना कर्ज दिले तर एकोणीस टक्के मिळतील, पण शंभरातले तीन रुपये बुडणार हे त्याला अनुभवाने ठाऊक आहे. शिवाय तारण तपासणे, वसुलीला माणूस पाठवणे, कोर्टकचेरी हा सारा खर्च. हातात खरोखर पडणार ते पंधरा-सोळा टक्के. समोर साडेसतरा टक्क्यांचा रोखा आहे, बुडण्याची भीती नाही, वसुलीचा त्रास नाही. तुम्ही त्याच्या खुर्चीत असता तर काय केले असते? भविष्य निर्वाह निधीच्या विश्वस्तांपुढे आणि आयुष्यभराची पुंजी गाठीला बांधून बसलेल्या निवृत्त शिक्षकापुढेही हीच निवड होती. यात कोणाची चूक नव्हती. सगळे शहाणपणाने वागले, आणि त्या शहाणपणाची बेरीज यंत्रमागधारकाच्या वाट्याला आली.

मला या प्रसंगात सर्वांत बोचते ते असे की, ज्या तालुक्याला पाणी द्यायचे त्याच तालुक्याच्या धंद्यासमोर त्या पाण्याचे कर्ज स्पर्धक म्हणून उभे राहिले. पाणी वेळेत आले असते तर ते सोसले गेले असते. वेळेचा हिशेब मात्र साडेसतरा टक्के फार निर्दयपणे करतात.

शंभर कोटी साडेसतराने घेतले आणि कमाई नसल्याने व्याजही नव्या कर्जातूनच भागवले, तर वर्षाअखेरी देणे साडेसतरा कोटींनी वाढते. चौथ्या वर्षी ते 190 कोटींवर जाते, पाचव्या वर्षी 224 वर, सातव्या वर्षी 309 वर. म्हणजे दर सव्वाचार-साडेचार वर्षांत कर्ज दुप्पट. धरण, बोगदे, पंपगृहे आणि पाच टप्प्यांचा उपसा यांना चार वर्षे कधीच पुरत नाहीत. टेंभू योजनेला 1996 च्या सुरुवातीला मान्यता मिळाली तेव्हा खर्च सुमारे 1,400 कोटी आणि भिजणारे क्षेत्र सुमारे 80 हजार हेक्टर धरले होते. भागाकार केला तर हेक्टरी पावणेदोन लाख पडतात. साडेसतरा टक्क्यांनी त्याचे नुसते व्याज वर्षाला तीस हजारांच्या पुढे जाते. हेक्टरी शंभर टन ऊस आणि टनाला सातशे रुपये धरले तर शेतकऱ्याची एकूण विक्री सत्तर हजारांची. त्यातले जवळपास निम्मे व्याजालाच लागेल. बेणे, खत, तोडणी, वीज, मुद्दल हे सारे त्यानंतर. असे कोणते पीक आहे जे हे पेलेल? द्राक्षाची बाग कदाचित पेलेल, तीही चांगल्या वर्षी.

हा हिशेब पाटबंधारे खात्यातल्या माणसांना कळत नव्हता असे मला वाटत नाही. प्रश्न प्राधान्याचा होता. पैसा मर्यादित असताना एक योजना पूर्ण करून तिचे पाणी रानात सोडायचे, की सगळ्या तालुक्यांत एकदम नारळ फोडायचा? अपक्षांच्या आधारावरच्या सरकारला दुसराच मार्ग राजकीयदृष्ट्या शक्य होता. एकाला थांबवले तर एक आमदार जातो. म्हणून सगळीकडे खोदकाम सुरू झाले: इथे बोगद्याचे तोंड, तिथे कालव्याचा अर्धा किलोमीटर, पलीकडे पंपगृहाचे खांब. अर्धवट कालव्यातून पाणी वाहत नाही, व्याज मात्र पूर्ण कर्जावर चालू राहते. थोड्याच वर्षांत नव्या रोख्यांतून आलेल्या पैशातला हिस्सा जुन्या रोख्यांचे व्याज भागवण्यात जाऊ लागला, कामांना पैसा कमी पडू लागला आणि कामे आणखी लांबली. खासगी गुंतवणूक बाजूला रेटणारे कर्ज आता सरकारच्याच गुंतवणुकीला बाजूला रेटत होते.

31 मे 2000 उजाडला आणि मावळला. धरणांत पाणी अडवण्याचे काम बऱ्यापैकी पुढे गेले होते, दुष्काळी रानात ते पोचवण्याचे काम मागे होते. 2003 साली माण-खटाव-आटपाडीकडे दुष्काळ पडला तेव्हा जनावरे छावण्यांत बांधावी लागली. टेंभूचे नळ तेव्हा आटपाडीपर्यंत पोचले नव्हते.

इथे थोडे थांबून एक आक्षेप तपासला पाहिजे, कारण तो खरा आहे. कृष्णा खोऱ्याच्या रोख्यांनी देशातले व्याज चढवले असे म्हणता येईल का? नाही. देशाच्या एकूण बचतीपुढे एका महामंडळाचे कर्ज लहान होते. व्याज चढले ते मुख्यतः केंद्राच्या तुटीमुळे, महागाईविरुद्धच्या आवळलेल्या धोरणामुळे आणि उद्योगांच्याच वाढत्या मागणीमुळे. महामंडळ त्या रांगेत उशिरा येऊन उभे राहिले आणि चढ्या भावाने पैसे घेऊन गेले. म्हणजे ते एकाच वेळी या रेटारेटीचे बळी होते आणि रेटणाऱ्यांतले एक. विट्याच्या यंत्रमागधारकावरचा मोठा भार दिल्लीचा, आणि त्यावर शेवटची पाटी मुंबईच्या मंत्रालयाने ठेवलेली.

पुढच्या वर्षांनी आणखी एक गोष्ट शिकवली. 1997 नंतर उद्योगांत मंदी आली, कारखानदार कर्ज मागेनासे झाले. केंद्र आणि राज्यांची तूट कमी झाली नव्हती, उलट फुगलेलीच होती. तरीही व्याजदर उतरत गेले, आणि 2003 मध्ये तर केंद्राचे दहा वर्षांचे कर्ज पाच-सहा टक्क्यांवर आले. सरकारच्या कर्जाने व्याज चढतेच असा नियम असता तर असे झाले नसते. नदीला पूर असताना तोंडाकडच्याने कितीही मोटारी लावल्या तरी शेपटाला पाणी पोचते. उन्हाळ्यात पोचत नाही. खासगी मागणी जोरात आणि पैसा आवळलेला, अशा वेळी सरकार उपशाला बसले तरच दुसऱ्याचे रान वाळते. म्हणून रेटारेटी झाली की नाही हे नुसत्या तुटीच्या आकड्यावरून ओळखता येत नाही. व्याज चढते आहे का, बँकांच्या पैशातला उद्योगांचा वाटा घटतो आहे का आणि चांगले धंदे पैशावाचून अडले आहेत का, हे तिन्ही एकत्र पाहावे लागते. 1995-96 मध्ये पहिले आणि तिसरे ठळक दिसत होते. 2002 मध्ये तिसरे धूसर झाले होते आणि पहिले तर उलटेच झाले होते. कृष्णा खोऱ्याचे दुर्दैव एवढेच की त्याने आपले सर्वांत महागडे कर्ज ऐन उन्हाळ्यात काढले. सहा-सात वर्षांनी हाच पैसा निम्म्याहून कमी व्याजात मिळण्यासारखा होता. पण लवादाच्या निवाड्यातली तारीख बाजाराच्या ऋतूसाठी थांबणार नव्हती, हेही तितकेच खरे.

2004 मध्ये दुसरा लवाद बसला, ब्रिजेशकुमार यांचा. 2010 च्या अखेरीला त्याने निवाडा दिला, त्यात महाराष्ट्राचा वाटा 666 टीएमसी ठरला. ज्या भीतीपोटी साडेसतरा टक्के कबूल केले होते, ती पूर्णपणे खरी ठरली नाही.

आणि पाणी? ते आले. उशिरा, तुकड्यातुकड्याने, मूळ अंदाजाच्या कितीतरी पट खर्चाने, पण आले. आटपाडीच्या शिवाराला टेंभूचे पाणी मिळायला 2010 नंतरचे दशक लागले. ते आल्यावर जे घडले तेही याच विषयात बसते, फक्त उलट्या दिशेने. कालव्यापासून आपल्या रानापर्यंत शेतकऱ्यांनी स्वतःच्या पैशाने पाइपलाइन टाकल्या, ठिबक बसवले, शेततळी खोदली, ज्वारी-बाजरीच्या रानात ऊस, द्राक्षे आणि डाळिंब लावले. सरकारच्या एका पंपामागे खासगी मोटारी आणि नळांची रांग लागली. 1996 मध्ये अर्धवट कालव्याकडे पाहून कोणी पाइपलाइन टाकली नसती आणि ते बरोबरच होते. पाणी दिसले तेव्हा लोकांनी पैसा घातला.

आज टेंभूपासून विट्याकडे जाताना डोंगरावर चढणारे ते नळ दिसतात आणि पलीकडच्या उतारावर त्यांच्या पाण्यावर हिरवी झालेली शेते. अलीकडे पाणीपट्टीचे, वीजबिलाचे आणि आवर्तनाच्या तारखांचे वाद चालू असतात. रोख्यांबद्दल कोणी बोलत नाही. त्यांचे देणे राज्याच्या तिजोरीने भागवले, म्हणजे गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत कर भरणाऱ्या सगळ्यांनी. विट्याच्या ज्या यंत्रमागधारकाने 1996 साली दहा लाखांचा विचार सोडून दिला, त्याने बसवले नसलेले माग मात्र कुठल्याच हिशेबात सापडत नाहीत.